पेढ्यातलं पाणी

मामांचं दुकान नांदेडला गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. भाचीने उदगीरच्या दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालयात शिक्षण घेतलं आणि आता ती लातूरला सासरचं मिठाईचं दुकान सांभाळते. दोघांचा खवा एकाच बाजूने येतो, भूम-वाशी-कुंथलगिरीच्या भट्ट्यांवरून. दोघांच्याही काचेआड पेढा, बर्फी, कलाकंद आणि सणाला खव्याचे मोदक असतात. पण पेढा किती दिवस टिकतो, या प्रश्नावर दोघांचं आजवर एकमत झालेलं नाही. गौरी-गणपतीच्या आधी मामांच्या दुकानामागच्या खोलीत त्यांचा जो वाद झाला, तो इथे मांडतो आहे. भादव्याच्या दमट हवेत खव्याची मिठाई सांभाळायची कशी, हे त्या वादाइतकं नीट मला दुसरीकडे कुठे ऐकायला मिळालेलं नाही.

वादाला निमित्त झालं ते काचेवरच्या पाटीचं.

भाची : मामा, पेढा, बर्फी, कलाकंद, मोदक, सगळ्यांवर तुम्ही एकच तारीख लिहिलीय. चार दिवसांची.

मामा : सरकारी यादीतच चार दिवस आहेत. मी काही मनाने लिहिलं नाही.

भाची : यादीत पेढा-बर्फीला चार आहेत. कलाकंद त्याच दिवशी संपवा, असं म्हटलंय. रसमलाईसारख्या दुधातल्या मिठाईला दोन, तूप-सुकामेव्याच्या मिठाईला सात आणि बेसनाच्या लाडवाला तीस. तुम्ही मधला आकडा उचलून सगळ्यांना लावलात.

मामा : मग ती यादी करणाऱ्यांनी माझी कढई पाहिली होती का? माझा पेढा चैत्र-वैशाखात आठ दिवस टिकतो. भादव्यात चौथ्या दिवशी मला त्याची खात्री देता येत नाही. दिल्लीत बसून दोन्हीला चार दिवस कसे ठरवता येतील?

इथे मामांचं म्हणणं त्यांना वाटतं त्याहून जास्त बरोबर आहे. १ ऑक्टोबर २०२०पासून सुट्या मिठाईपुढे ‘या तारखेपर्यंत उत्तम’ अशी तारीख लावणं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंधनकारक केलं. पण पदार्थाचा प्रकार आणि स्थानिक परिस्थिती पाहून मुदत दुकानदाराने स्वतः ठरवायची, असं त्याच आदेशात आहे. प्राधिकरणाच्या यादीतले दिवसांचे आकडे आहेत ते मार्गदर्शनासाठी. म्हणजे मुदत ठरवण्याचा अधिकार मामांना आहेच. पण अधिकार आला की ती कशावरून ठरवली, हे सांगण्याची जबाबदारीही येते. भाचीने नेमकं तेच विचारलं.

भाची : चला, यादी बाजूला ठेवू. तुमचा पेढा किती टिकेल हे तुम्ही कशावरून सांगता?

मामा : हातावरून. खवा-साखर कढईच्या कडा सोडायला लागली, उलथन्याला चिकटेना, बोटांत धरून गोळी वळली आणि बोटाला ओल राहिली नाही, की उतरवायचं. चाळीस वर्षं हेच करतोय.

भाची : आणि गर्दीच्या दिवशी? परवाच्या घाण्यात कारागिराने कढई पाच मिनिटं आधी उतरवली असती, तर तुम्हाला कळलं असतं?

मामा : वळायला मऊ लागलं असतं.

भाची : गिऱ्हाइकाला मऊच आवडतो. म्हणजे कुणीच तक्रार केली नसती. म्हणूनच मी काट्यावर येते. दहा किलो खवा घेतलात. त्यात पस्तीस टक्के पाणी आहे असं धरा. साडेतीन किलो पाणी, साडेसहा किलो बाकीचं. तीन किलो साखर घातली. आता कढईत साडेनऊ किलो कोरडा ऐवज आहे, तो काही उडून जात नाही. उडतं ते फक्त पाणी. कढईसकट तोलून रिकाम्या कढईचं वजन वजा केलं आणि माल अकरा किलो भरला, तर त्यात दीड किलो पाणी उरलं, म्हणजे चौदा टक्के. माल पावणेबारा-बाराच्या मध्ये भरला, तर जवळजवळ दोन किलो चारशे ग्रॅम पाणी आहे. वीस टक्के. दिसायला दोन्ही पेढेच.

मामा : नऊशे ग्रॅम पाण्याने काय एवढं होणार?

भाची : साखर तेवढीच आहे ना? दीड किलो पाण्यात तीन किलो साखर म्हणजे त्या पाण्याचा सदुसष्ट टक्क्यांचा पाक झाला. दोन किलो चारशेत तीच साखर छप्पन्न टक्क्यांवर येते. मुरांबा पाक घट्ट असला तर वर्षभर राहतो आणि पातळ राहिला तर आंबतो. पेढ्याच्या आतही तेच चाललेलं असतं. छप्पन्न टक्क्यांच्या पाकात बरेच जिवाणू अजून जगू शकतात. सदुसष्ट टक्क्यांवर जवळजवळ सगळ्यांचं पाणी तोडलं जातं. खव्यातली दुधाची साखर आणि क्षार त्यात आणखी थोडी मदत करतात. एवढं झाल्यावर उरते मुख्यतः बुरशी, कारण तिला याहून कोरड्यातही जगता येतं.

हा हिशेब मी नंतर कागदावर मांडून पाहिला आणि तो बरोबर निघाला. त्यातून आणखी एक गोष्ट पुढे आली, जी भाची मामांपुढे मोकळेपणाने बोलली नव्हती. पाचशे रुपये किलोचा पेढा धरला, तर ते जवळजवळ नऊशे ग्रॅम पाणी साडेचारशे रुपयांच्या आसपास विकलं जातं. एका घाण्यामागे जवळजवळ साडेचारशे रुपये, आणि सणाच्या आठवड्यात घाण्यांची संख्या कितीतरी. कुणी मुद्दाम करत नसेलही. पण कढई थोडी लवकर उतरली तर वजन जास्त भरतं, गॅस वाचतो, पेढा मऊ लागतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. सगळा फायदा लवकर उतरवण्याकडे झुकलेला आहे. तोटा तिसऱ्या-चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या घरी दिसतो, आणि तोपर्यंत तो कुठल्या कढईचा हे कुणालाच सांगता येत नाही. टिकाऊपणाचा प्रश्न शीतकपाटाच्या खूप आधी, इथेच सुरू होतो असं माझं मत आहे.

मामांनी मात्र भाचीच्या हिशेबातली एक कच्ची जागा लगेच धरली.

मामा : खव्यात पस्तीस टक्के पाणी, हे तू कशावरून धरलंस? परवा आलेला खवा हातात घेतला तर तळव्याला ओल लागत होती. नियमात खव्याचा कोरडा भाग किती हवा?

भाची : कमीत कमी पंचावन्न टक्के.

मामा : म्हणजे पंचेचाळीस टक्के पाणी असलं तरी तो कायद्याने खवाच. समजा परवाच्यात बेचाळीस होतं. मग तुझा काटा अकरा किलोवर थांबला, तेव्हा आत किती पाणी होतं?

भाचीने पाटीवरच खडूने हिशेब केला. कोरडा खवा पाच किलो आठशे, साखर तीन किलो, मिळून आठ किलो आठशे. अकरा किलोतून ते वजा केल्यावर उरलं दोन किलो दोनशे. वीस टक्के.

भाची : बरोबर आहे मामा. नुसता काटा फसवेल.

मामा : आणि माझा हात फसला नसता. ओला खवा अकरा किलोवर कडा सोडत नाही.

भाची : म्हणून दोन्ही हवेत. खवा आला की शंभर ग्रॅम तोलून घ्यायचा, लहान पसरट भांड्यात मंद आचेवर हलवत, लाल होऊ न देता, वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवायचा. पासष्ट ग्रॅम उरला तर अकरा किलोवर उतरवा. अठ्ठावन्न उरला तर दहा किलो दोनशेपर्यंत जा. प्रयोगशाळेइतकं नेमकं येणार नाही, पण पस्तीस आणि बेचाळीसमधला फरक नक्की दिसेल. आणि काटा एक सांगत असेल, तुमचा हात दुसरं, तर कढई खाली ठेवायची नाही.

मामांनी यावर होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही. विषय पुढे सरकला तो कारागिराच्या हातांकडे. तिथे मामा जास्त चिडले, कारण स्वच्छतेवर बोलणं म्हणजे दुकानाच्या अब्रूवर बोलणं असं त्यांना वाटतं.

मामा : एवढ्या आचेवर घोटल्यावर त्यात काय जिवंत राहतं? कढईतून निघालेला माल सगळ्यांत शुद्ध.

भाची : कढईतून निघाला त्या घटकेला, हो. काही जिवाणूंची बीजं त्या उष्णतेतही टिकतात, पण जे पेढ्यात सहज वाढले असते ते बहुतेक मेलेले असतात. नंतर काय होतं बघा. परातीत ओतला, लाकडी फळीवर पसरला, ओल्या फडक्याने झाकला, मग चार हातांनी वळला. कढईत जे मेलं, ते सगळं या अर्ध्या तासात परत येतं. त्यातलं जास्त भीतीचं माणसाच्या नाकातून आणि हातावरच्या फोडांतून येतं. स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू आहे. साखर आणि मीठ सोसण्यात तो बाकीच्या जिवाणूंच्या पुढे आहे. वीस टक्के पाण्याच्या पेढ्यात तो वाढू शकतो. चौदा टक्क्यांवर त्याची वाढ जवळपास थांबते.

मामा : वाढला तर वास येईलच की. माझ्या नाकातून आंबलेला माल आजवर सुटलेला नाही.

भाची : आंबलेला सुटत नसेल. याला वास येत नाही, चव बदलत नाही, रंग बदलत नाही. तो विष सोडतो आणि खाणाऱ्याला काही तासांत उलट्या सुरू होतात. आणि मामा, ते विष परत घोटल्याने जात नाही. जिवाणू मरतो, विष राहतं.

यानंतर दोघंही थोडा वेळ गप्प होते, आणि मला कारण ठाऊक होतं. उरलेली बर्फी दुसऱ्या दिवशीच्या घाण्यात घालून घोटायची, ही पद्धत मामांच्याच काय, अनेक लहान दुकानांत आहे. माल वाया जात नाही आणि आचेवर गेल्यामुळे तो ‘शुद्ध’ झाला, असं समजलं जातं. भाचीचं शेवटचं वाक्य या समजावरच होतं. शिळ्या मालात विष तयार झालं असेल, तर ते नव्या घाण्यात जातं, त्यावर नवी तारीख लागते, आणि नाकाला काहीच कळत नाही. मामांचं नाक आंबूसपणा पकडतं यात शंका नाही. खव्याचा तुकडा गरम करून हुंगायची त्यांची सवय चांगलीच आहे, कारण थंड खव्यात दबलेला आंबट वास गरम झाल्यावर वर येतो. पण त्या नाकाची हद्द तिथेच संपते.

मामा : मग उरलेल्याचं काय करू? फेकू?

भाची : कमी करा. सकाळी एक घाणा, दुपारी विक्री पाहून दुसरा. वळणाऱ्याच्या हाताला फोड असेल, सर्दी असेल, तर त्याला गल्ल्यावर बसवा. लाकडी फळी काढून स्टीलची परात घ्या, कारण लाकडाच्या भेगांत कालचा खवा अडकतो आणि तिथूनच आजच्याला बुरशी लागते. ओलं फडकं तर नकोच. झाकायला जाळी चालेल.

मामा : जाळीने सुकेल.

भाची : वरचं थोडं सुकलेलंच बरं. बुरशी नेहमी पृष्ठभागावरून सुरू होते.

मग शीतकपाटाचा विषय निघाला. इथे मला मामा जास्त पटले, निदान निम्म्या भागात.

मामा : तुम्ही लातूरला सगळं थंड कपाटात ठेवता. पेढा तिथे दगडासारखा होतो, वरून पांढरा पडतो, कांदे-लसूण आणून ठेवले तर त्यांचा वास ओढतो. भादव्यात बाहेर काढला की पाच मिनिटांत त्याच्यावर घाम येतो. मग तो पेढा मी काचेत ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला हिरवे ठिपके येतात. त्यापेक्षा कपाटात न गेलेला पेढा जास्त टिकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भाची : पाहिलंय ते खरं आहे. तो घाम म्हणजे हवेतलं पाणी. आख्खा पेढा चौदा टक्क्यांचा असला, तरी त्या थेंबाखाली पाक पातळ होतो, आणि बुरशीला तेवढी एक जागा पुरते. पण त्यात दोष कपाटाचा नाही, उघडण्याच्या घाईचा आहे. पेढा बंद डब्यात ठेवायचा आणि डबा बंदच बाहेर काढायचा. आत-बाहेरची ऊब सारखी होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. घाम डब्यावर येतो, पेढ्यावर येत नाही.

मामा : आणि गिऱ्हाईक समोर उभं असतं तेव्हा?

भाची : म्हणून रोज विकायचा पेढा कपाटात ठेवायचाच नाही. हे तुमचं म्हणणं मी मान्य करते. कपाट पेढ्यासाठी नाही, खव्यासाठी आहे.

खव्याबद्दल मात्र ती अडून राहिली, आणि ते योग्यच होतं. खव्यात साखर नसते आणि पाणी भरपूर असतं, म्हणून तो पेढ्यापेक्षा कितीतरी नाजूक असतो. उबेत तो दोन-तीन दिवसांतच बिघडू लागतो. चार-पाच अंशांवर नीट ठेवला तर आठवडाभर तरी निभावतो. ‘नीट’ या शब्दात मामांची चूक होती. ते पंधरा किलोचा गोळा आला तसा कपाटात ढकलत. बाहेरून हाताला गार लागतो, पण असा गोळा मध्यापर्यंत थंड व्हायला पुष्कळ तास जातात, आणि तेवढा वेळ आतला भाग उबेतच असतो. गोळा कापला की मधला भाग आंबूस आणि कडा चांगल्या, असं त्यांना अनेकदा दिसलं होतं. दोष ते भट्टीवाल्याला देत. भाचीने सांगितलं की दोन-दोन बोटं जाडीच्या वड्या पाडून, ताटांत पसरून, वरून झाकून ठेवा. त्याच वेळी कपाटातला तापमापक मधल्या कप्प्यात ठेवून पाहिला, तर तो बारा अंशांवर होता. काच सतत उघडत असल्याने दर्शनी कपाट पुरेसं गार राहत नाही. खवा मागच्या बंद कपाटात हलवायचं तिथेच ठरलं.

गरम पेढे खोक्यात भरण्यावरून मात्र दोघांत वाद झालाच नाही. मामा स्वतःच म्हणाले की झाकणाच्या आतून पाणी टपकतं, तसला डबा ते देत नाहीत. गौरीच्या दिवशी मोदकांची गर्दी असते तेव्हा हा नियम मोडतो, हे त्यांनी मान्य केलं. त्यावर उपाय एकच, मोदक आदल्या रात्री वळून गार करायचे.

शेवटी प्रश्न पाटीचा राहिला. भाचीने सुचवलं ते साधं होतं. प्रत्येक घाण्यातले पुरेसे पेढे लहान खोक्यांत एक-एक करून ठेवायचे, काचेत असतात त्याच हवेत. रोज एक खोकं उघडायचं, पाहायचं, हुंगायचं, मोडायचं, वहीत लिहायचं. पहिला ठिपका किंवा पहिला आंबूस वास ज्या दिवशी येईल, त्याच्या दोन दिवस आधीची तारीख पाटीवर घालायची. वैशाखात ती एक असेल आणि भादव्यात दुसरी. नाकाला न कळणारा धोका या वहीत सापडणार नाही, त्यासाठी कढईचा काटा आणि वळणाऱ्याचे हात, हेही तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

मामांनी वही सुरू केली. त्यांचा एक मुद्दा मात्र भाचीला पटला नाही. गुरुद्वाऱ्याला आलेले बरेच यात्रेकरू सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरला परततात. दीड दिवसाच्या आसपासचा प्रवास, आणि घरी पोचल्यावर प्रसाद म्हणून वाटायचं, म्हणजे आणखी दोन दिवस. त्यांच्यासाठी मामा आता काट्यावर मोजलेला, चौदा टक्क्यांखालचा, थोडा कडक पेढा वेगळा काढतात, पूर्ण गार झाल्यावर भरतात आणि खोक्यावर त्या घाण्याची तारीख टाकतात. कलाकंद मात्र ते अशा गिऱ्हाइकाला देतच नाहीत.

भाची : बर्फाच्या पेटीतून द्या की. लातूरला आम्ही देतो.

मामा : बर्फ भोपाळपर्यंत विरघळतो. पुढे तो उबेत किती तास राहील, हे तू सांगू शकशील?

भाची : नाही. पण गिऱ्हाईक स्वतःच्या जबाबदारीवर नेतं.

मामा : खोक्यावर नाव माझं असतं. कलाकंद इथेच बसून खायचा, नाहीतर पेढा न्यायचा.